‘उतरताना घ्या’: टपरीचं नाव ठरवून पाटी लागेपर्यंतचा माझा अनुभव

एसटीत कंडक्टर म्हणून नोकरी केलेल्या माणसाच्या तोंडी एक वाक्य दिवसातून पन्नासदा तरी येतं: “सुट्टे उतरताना घ्या.” पन्नासची नोट, तिकीट थोड्याच रुपयांचं, बॅगेत सुट्टे नाहीत. मग तिकिटाच्या मागं बाकीचा आकडा पेनानं लिहून द्यायचा. मशीनच्या तिकिटावरची छपाई घामाच्या हातात पुसट होते, पण मागं लिहिलेला आकडा टिकतो. कंडक्टरलाही हे लिहून देणं बरं पडतं. मध्येच लाईन चेकिंगवाले चढले आणि बॅगेतली रक्कम तिकिटांच्या हिशेबापेक्षा जास्त निघाली, तर ते जादा पैसे कोणाचे, हे त्या आकड्यांवरून दाखवता येतं. 2023 च्या मार्चमध्ये महिलांना अर्धं तिकीट सुरू झालं आणि सुट्ट्यांची ओढाताण आणखी वाढली.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यांत दारव्हा ते दिग्रस रस्त्यावर एका आजीबाईंना मी असाच आकडा लिहून दिला. त्या म्हणाल्या, “काऊन गा भाऊ, पैसे उतरताना घ्या म्हंतं, मंग चहाबी उतरतानाच देत जा ना! तुह्या सुट्ट्याईचा कटकटा तरी मिटन.” अख्खी गाडी हसली. निवृत्तीनंतर त्याच रस्त्यावरच्या एका फाट्यावर चहाची टपरी टाकायचं माझ्या मनात होतंच. नाव तिथंच मिळालं. पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा गाडीत भेटल्या तेव्हा मी त्यांना विचारून घेतलं. “लिव ना बाप्पा, पन चहा गोड ठेवजो,” एवढंच म्हणाल्या.

हे नाव नुसतं गमतीचं नव्हतं, त्यात धंद्याचा हिशेबही होता. पण तो माझ्या लक्षात उशिरा आला. सुरुवातीला माझी समजूत अशी की बस थांबली की आतले लोक चहा घेतील. फाट्यावर गाडी थांबते किती? एक घंटी, दोघे-चौघे उतरले, दोन घंट्या, गाडी निघाली. अर्ध्या मिनिटात कोणी चहा पीत नाही. पहिल्या चार दिवसांत मी गाडीची वेळ पाहून पातेलं चढवायचो आणि संध्याकाळी उरलेला चहा टाकून द्यायचो.

चहा घेणारा माणूस म्हणजे उतरणारा माणूस. फाट्यापासून गाव आत चार-पाच किलोमीटर. ऑटो किंवा काळीपिवळी सीट भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून पंधरा-वीस मिनिटं उभं राहणं आलंच. मग मी पंधरा दिवस वहीत फक्त उतरणारे मोजले. बसचा धंदा कळणाऱ्याला ही सवय असतेच. एका साध्या दिवशी संध्याकाळच्या चार गाड्यांतून 9, 14, 6 आणि 11 असे 40 जण उतरले. त्यांतल्या 13 जणांनी चहा घेतला, म्हणजे तिघांत एक. बाजाराच्या दिवशी उतरणारे जवळपास दुप्पट, पण चहा घेणारे तेवढे वाढत नाहीत, कारण ऑटो लवकर भरतो. टपरीवर गर्दी हवी असेल तर ऑटो रिकामा असलेला बरा, हे गणित मला त्या वहीनं शिकवलं.

आता पाटी. इथं माझी दोनदा चूक झाली आणि दोन्ही वेळा पत्रा परत रंगवावा लागला.

पहिल्यांदा पेंटरनं 4 फूट बाय 2 फुटांच्या पत्र्यावर अक्षरं मोठी घेतली. वरच्या ओळीत शब्द मावेना, म्हणून ‘उतर’ वर आणि ‘ताना घ्या’ खाली. लांबून लोक ‘ताना घ्या’ एवढंच वाचत. दुसऱ्या वेळी 5 बाय अडीच फुटांचा पत्रा घेऊन ‘उतरताना’ एका ओळीत आणि ‘घ्या’ खाली बसवलं, पण पेंटरनं अक्षरांना लाल सावली दिली. जवळून देखणी दिसायची. रस्त्यापलीकडून मात्र ‘घ्या’ चं ‘ध्या’ व्हायचं. घ आणि ध यांत फरक मुख्यतः डोक्याशी आहे: घ वर शिरोरेघ सलग जाते, ध ला तिथं फट असते. सावलीच्या रंगानं नेमकी तीच जागा भरली आणि जोडाक्षर असल्यामुळं खालचा य ही त्यात मिसळला. तिसऱ्या वेळी सावली काढली. पिवळ्यावर काळी साधी अक्षरं, आठ इंच उंच, आणि ‘घ्या’ ची रेघ सलग व जाड. पाटीवाल्यांचा ठोकताळा असा की दहा फुटांमागं एक इंच उंची धरायची. रस्ता आणि बाजूची मोकळी जागा मिळून साठ-सत्तर फूट होतात, म्हणून थोडं वाढवून आठ इंच. लाल रंग आपल्याकडच्या उन्हात सगळ्यात आधी उडतो, तो अक्षराला वापरूच नये.

एक गोष्ट पेंटरनं सांगितली ती बरोबर निघाली. नुसतं ‘उतरताना घ्या’ वाचून हे पार्सलचं ऑफिस आहे का, असं एकानं खरंच विचारलं. म्हणून वरच्या कोपऱ्यात ‘चहा’ लिहून घेतलं. पाटी रस्त्याला समांतर न लावता आडवी, येणाऱ्या गाडीकडं तोंड करून लावली, कारण बसमधला माणूस पुढच्या काचेतून आणि दारातून पाहतो. दारव्ह्याकडून येणाऱ्या गाडीचं दार डाव्या बाजूला उघडतं, टपरीही त्याच बाजूला आहे.

कागदाचं काम हलकं होतं. अन्न परवान्याची साधी नोंदणी foscos.fssai.gov.in वर फोटो आणि ओळखपत्र जोडून केली. तेव्हा वर्षाला 100 रुपये शुल्क होतं. प्रमाणपत्रावरचा 14 अंकी नंबर समोर दिसेल असा लावावा लागतो.

चहा मात्र उतरणाऱ्याच्या मापानं करावा लागतो. एकदम मोठं पातेलं नको. एका गाडीला मी पाव लिटर पाणी आणि अर्धा लिटर दूध धरतो, 20 ग्रॅम पत्ती. आटून साधारण 11 कट होतात, 60 मिलिलिटरचे. आलं आधी पाण्यात टाकून चांगलं उकळायचं, दूध नंतर. कच्चं आलं तापत्या दुधात टाकलं की त्यातला रस दूध फाडतो, उकळी आल्यावर तो निकामी होतो. चमच्याच्या कडेला बारीक कण दिसले की समजायचं फाटायला लागलं, मग ते पातेलं देऊ नये. कटचा भाव दहा रुपये, एका नाण्यात व्यवहार संपतो, तिकिटामागं आकडा लिहायची गरज पडत नाही.

साखर एवढ्या चहाला 60 ग्रॅम पुरेशी होती. आता मी 75 घालतो. आजीबाई दर मंगळवारी त्याच गाडीनं उतरतात, पिशवी बाकड्यावर ठेवतात, आणि पहिला घोट घेऊन मान हलवेपर्यंत मी त्यांच्याकडं पाहत असतो.