आईच्या गोळ्यांची बेरीज

आईला तरुणपणापासून स्किझोफ्रेनिया आहे, पण गेली कित्येक वर्षं आजार शांत होता. सत्तरी ओलांडल्यावर ती विसरायला लागली, तोंडाला कोरड पडायची, पोट चार-चार दिवस साफ व्हायचं नाही. आम्ही वयावर ढकललं होतं. नव्या मानसोपचार डॉक्टरांनी मात्र सगळ्या डॉक्टरांच्या गोळ्या एका पिशवीत घालून आणायला सांगितल्या.

त्यांनी एसीबी स्केलवर गुण मांडले. मेंदूत आणि आतड्यात ॲसिटिलकोलीनचं काम अडवणाऱ्या औषधांना त्यात १ ते ३ गुण असतात. बेरीज ३ झाली की सावध व्हायचं. लघवीच्या घाईसाठीचं ऑक्सिब्युटिनिन ३, पायांच्या जळजळीसाठी रात्रीचं ॲमिट्रिप्टिलीन ३, स्किझोफ्रेनियासाठीचं रिस्पेरिडोन १. मग त्यांनी रिस्पेरिडोनची स्ट्रिप उलटी करून दाखवली. त्याच गोळीत ट्रायहेक्सीफेनिडिल २ मिलिग्रॅम होतं, त्याचेही ३. एकूण १०.

हे दुसरं औषध पूर्वी इंजेक्शनमुळे अंग कडक व्हायचं म्हणून सुरू झालेलं. इंजेक्शन बंद झालं, हे मात्र जोडगोळीतून चालूच राहिलं. आपल्याकडे अशा जोडगोळ्या सर्रास मिळतात, आणि त्यातलं एकच औषध कमी करता येत नाही, हीच त्यांची अडचण.

म्हणून आधी साधं रिस्पेरिडोन २ मिलिग्रॅम सकाळ-रात्र तेवढंच ठेवलं आणि ट्रायहेक्सीफेनिडिल वेगळं लिहून दिलं. मग दर दोन आठवड्यांनी अर्धी गोळी, म्हणजे १ मिलिग्रॅम कमी. बाकी कशालाही हात लावायचा नाही, नाहीतर कशामुळे काय झालं हे कळणार नाही. "एकदम बंद करू नका, घाम, मळमळ, झोप उडणं सुरू होतं," डॉक्टर म्हणाले. तसं थोडं झालंच, पण आठवड्याभरात ओसरलं.

शेवटच्या टप्प्यावर मात्र आईच्या हातातली कपबशी वाजायला लागली, पावलं घसटायला लागली, आणि हे ओसरेना. गोळी सोडल्याचा त्रास नव्हता तो, रिस्पेरिडोनचा होता. डॉक्टरांनी जुनी गोळी परत दिली नाही, रिस्पेरिडोनच सावकाश दिवसाच्या एकूण ४ वरून ३ मिलिग्रॅमवर आणलं. त्या काळात आई रात्री झोपते का, संशय घेते का, हे आम्ही वहीत लिहीत होतो. आजार उलटला असता तर थांबावं लागलं असतं.

त्यानंतर ऑक्सिब्युटिनिनची पाळी. लघवीची तपासणी करून ते थांबवलं आणि दर दोन तासांनी तिला स्वतःहून बाथरूमला न्यायचं ठरलं. घाई पूर्ण गेली नाही, पण पोट साफ व्हायला लागल्यावर बरीच उतरली. आई नातवंडांची नावं पुन्हा बिनचूक घेते; उजळणीत ऑक्टोबर-सप्टेंबर असे उलटे महिने मात्र अजून अडतात.

ॲमिट्रिप्टिलीन राहिलंय. बेरीज ४, म्हणजे अजून रेषेच्या वरच. पण स्केल डोस बघत नाही, १० मिलिग्रॅमलाही तेवढेच गुण देतं, आणि ते काढलं की पायांची आग तिला रात्रभर जागवते. डॉक्टरांनी सध्या तरी त्याला हात लावलेला नाही.