विम्याच्या भरपाईचा आलेख: उड्या, सपाट पट्टा आणि भरीव ठिपका

संचयी वितरण फलनाची व्याख्या एका ओळीत मावते: F(x) म्हणजे चलाची किंमत x किंवा त्याहून कमी असण्याची संभाव्यता. पण आलेख समोर ठेवून त्यावरून नेमक्या संभाव्यता वाचण्याची सवय मला पदव्युत्तर अभ्यासक्रमात विमाविषयक एका उदाहरणाने लागली, आणि ते उदाहरण मला आजही सर्वांत उपयोगी वाटते, कारण या विषयातील बहुतेक सगळ्या खाचाखोचा त्या एकाच आलेखात दिसतात.

गृहीत असे होते की नुकसान शून्य ते १०० हजार रुपयांच्या दरम्यान सर्वत्र सारख्याच घनतेने विखुरलेले आहे. विम्याच्या अटींनुसार २० हजारांपर्यंतच्या नुकसानीला काहीच मिळत नाही, त्यापुढे नुकसानीची पूर्ण रक्कम मिळते आणि ८० हजार ही कमाल मर्यादा आहे. मिळणारी भरपाई हजार रुपयांत X मानली, तर शून्याच्या डावीकडे आलेख अक्षावरच राहतो, शून्यापाशी एकदम ०.२ वर उडी घेतो, २० पर्यंत त्याच उंचीवर सपाट जातो, तेथून सरळ रेषेत चढत ८० च्या जवळ ०.८ पर्यंत पोहोचतो आणि नेमक्या ८० वर पुन्हा उडी घेऊन १ होतो.

आलेख हाती आला की मी सर्वप्रथम उड्या शोधू लागलो. उडीची उंची ही त्या एकाच किमतीची संभाव्यता असते. शून्यापाशी ती ०.२ आहे, कारण शंभरातील पहिल्या वीस हजारांत पडणारी सगळी नुकसाने भरपाईच्या दृष्टीने शून्यावर येऊन साचतात. ८० पाशीही ती ०.२ आहे, कारण मर्यादेपलीकडची सगळी नुकसाने तेथे येऊन थांबतात. याउलट ५० वर आलेखाची उंची ०.५ असली, तरी तेथे उडी नसल्यामुळे P(X = 50) शून्यच आहे. उंची आणि उडी या दोन गोष्टी नजरेने वेगळ्या करता येणे, हे माझ्या मते या वाचनातील खरे कौशल्य होय.

सपाट पट्टा सांगतो की शून्याहून अधिक आणि २० पर्यंतची भरपाई कधीच मिळत नाही. मात्र पट्ट्याचे डावे टोक त्यात धरले, तर उत्तर पालटते: P(0 < X ≤ 20) शून्य आहे, तर P(0 ≤ X ≤ 20) ०.२ आहे.

येथेच उजवीकडून असलेल्या सातत्याचा अर्थ मला नीट उमगला. ८० पाशी आलेखावर दोन ठिपके असतात, ०.८ वर पोकळ आणि १ वर भरीव. ८० कडे उजवीकडून सरकत आलो, तर “X ≤ ८० आणि थोडे अधिक” या घटना आक्रसत आक्रसत नेमक्या “X ≤ ८०” वर येतात, त्यामुळे उंचीत खंड पडत नाही. डावीकडून आलो, तर घटना वाढत जाऊन फक्त “X < ८०” पर्यंत पोहोचतात आणि ८० हा बिंदू बाहेरच राहतो. तेवढीच संभाव्यता उडी म्हणून दिसते. म्हणून भरीव ठिपका नेहमी वरच्या टोकाला असतो. काही जुन्या रशियन पुस्तकांत F(x) ची व्याख्या P(X < x) अशी आहे. तेथे हेच फलन डावीकडून सतत ठरते, म्हणून व्याख्या आधी पाहावी हे बरे.

मध्यांतराचा प्रश्न आला की प्रत्येक टोकाला कोणता ठिपका घ्यायचा, एवढेच ठरवावे लागते. P(50 ≤ X ≤ 80) साठी ८० चा भरीव ठिपका घेतला, की १ उणे ०.५ म्हणजे ०.५ मिळतात. P(50 ≤ X < 80) साठी पोकळ ठिपक्याची उंची घ्यावी लागते आणि उत्तर ०.३ येते. ५० पाशी उडी नसल्यामुळे तो बिंदू धरला काय किंवा वगळला काय, फरक पडत नाही.

प्रत्यक्ष दाव्यांच्या आकडेवारीवरून पायऱ्यांचा आलेख संगणकावर काढताना हाच मुद्दा पुन्हा समोर येतो. पायथॉनमधील `plt.step` मध्ये मूळ निवड `where='pre'` अशी असते. रकमा चढत्या क्रमाने आणि प्रत्येक एकदाच घेऊन त्यांच्यासमोर F च्या किमती दिल्या, तर या निवडीत प्रत्येक उंची आधीच्या रकमेपासूनच सुरू झालेली दिसते, म्हणजे ८० ची मोठी उडी त्याआधीच्या सर्वांत मोठ्या रकमेवर, समजा ७९.४ वर, सरकते. मोठी उडी विम्याच्या मर्यादेवर न दिसता किंचित डावीकडे दिसली, की हेच कारण समजावे आणि ओळ अशी लिहावी:

```
plt.step(x, F, where='post')
```

असे केल्यावरही उडीच्या जागी उभी रेघ काढली जाते. ती फलनाचा भाग नाही. ८० वर ०.९ ही उंची F कधीच घेत नाही.