पोट रोज साफ होतं, असं सांगणाऱ्या आजी

कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या तपासणीत, दुर्बीण डॉक्टर चालवतात, रिपोर्टवर सही त्यांची, शाबासकीही त्यांनाच. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आत काय दिसणार हे आदल्या काही दिवसांत पेशंटच्या स्वयंपाकघरात आणि संडासात ठरून गेलेलं असतं, आणि तो भाग आम्हा सिस्टरांकडे येतो. औषधाची पुडी आणि छापील कागद हातात देऊन पेशंटला घरी पाठवणं म्हणजे तयारी, असं आमच्याकडे अजूनही बऱ्याच जणांना वाटतं.

या आजी साठीच्या पुढच्या, दुष्काळी पट्ट्यातल्या. हिमोग्लोबिन आठवर आलेलं, लोहाच्या गोळ्या घेऊनही चढत नव्हतं, म्हणून मोठ्या आतड्यात कुठून रक्त जातंय का ते बघायचं होतं. अपॉइंटमेंटच्या फॉर्मवर ‘बद्धकोष्ठ आहे का?’ असा एक प्रश्न असतो. त्यापुढे ‘नाही’वर टिक होती. त्यामुळे त्यांना सगळ्यांना देतात तीच तयारी मिळाली: आदल्या दिवशी हलका आहार, आणि पेग म्हणजे पॉलिइथिलिन ग्लायकॉलची एक पुडी दोन लिटर पाण्यात.

पहिल्या खेपेला दुर्बीण डाव्या बाजूचं आतडं कशीबशी चढली आणि प्लीहेजवळच्या वळणावर थांबली. पुढे घट्ट मळाचे गोळे, त्यांच्या बाजूनं तपकिरी पाणी. पाणी आम्ही ओढून घेऊ शकतो, गोळे नाही. दुर्बिणीतली सक्शनची नळी पावणेचार मिलिमीटरच्या आसपास रुंद असते. तिच्यात शेंगदाण्याचा तुकडा अडकला. मी पन्नासच्या सिरिंजनं पाणी मारून तो काढला, लगेच दुसरा अडकला. सरांनी तपासणी थांबवली ते बरोबरच केलं. मळ भरलेल्या आतड्यात जोर लावून पुढे जाण्यात आतडं फाटण्याचा धोका असतो, आणि गेलं तरी दिसणार काहीच नाही.

आतडं किती स्वच्छ आहे याला आम्ही बोस्टन पद्धतीनं गुण देतो. उजवा, मधला आणि डावा असे तीन भाग, प्रत्येकाला शून्य ते तीन. प्रत्येक भागाला किमान दोन मिळाले तर तपासणीवर भरवसा ठेवायचा. नुसती बेरीज बघणारे लोक मला आवडत नाहीत. डावीकडे तीन, मध्ये तीन आणि उजवीकडे शून्य मिळूनही सहा होतात, आणि रक्तक्षय झालेल्या माणसात जे सापडायचं ते बऱ्याचदा उजवीकडेच दडलेलं असतं. आजींच्या डाव्या भागाला एक मिळाला, पुढचं दिसलंच नाही.

गुंगी उतरल्यावर सून पुन्हापुन्हा सांगत होती की कागदावर लिहिलंय तसंच सगळं केलं. ती खोटं बोलत नव्हती. मी खुर्ची ओढून शेजारी बसले.

“आजी, काल काय खाल्लंत?”

“काय न्हाई वो. उपासच धरला मी. साबुदाण्याची खिचडी तेवढी खाल्ली वाईच, आन राजगिऱ्याचा लाडू.”

म्हणजे दाण्याचं कूट घातलेली खिचडी. हलकं खा म्हटल्यावर त्यांनी आपल्या परीनं सगळ्यात पवित्र आणि हलकं तेच खाल्लं होतं. त्याच्या आदल्या दोन दिवशी ज्वारीची भाकरी, शेवग्याची भाजी, पेरू. एरवी पोट साफ राहायला हेच खा म्हणून आम्ही सांगतो. आता नेमकं उलटं हवं असतं, आणि ते कोणी समजावून सांगितलं नव्हतं.

“पोट रोज साफ होतं ना?”

“रोज हुतंय की.”

“चूर्ण वगैरे काही घेता?”

“रातच्याला एक चमचा. त्याबिगर हुतंय व्हय कुनाला!”

कितीतरी वर्षं रोज रात्री सोनामुखीचं चूर्ण. ते नाही घेतलं तर पाच-सहा दिवस काहीच नाही. फॉर्मवरचा प्रश्न त्यांना विचारला गेला होता आणि उत्तरही त्यांच्या बाजूनं खरंच होतं. प्रश्नच कुचकामी होता. चूर्णाशिवाय किती दिवसांनी होतं, असं विचारायला हवं.

तिसरी गोष्ट एसटीची. तपासणी सकाळी साडेनऊची, गाडी पहाटे पाचची. वाटेत संडास कुठे मिळणार, म्हणून सगळं औषध त्यांनी आदल्या संध्याकाळी आठच्या आत पिऊन टाकलं. खरं तर औषध दोन हप्त्यांत घ्यायचं असतं, अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या दिवशी पहाटे. रात्रभरात लहान आतड्यातून पित्त मिसळलेला चिकट स्राव उतरतो आणि उजव्या बाजूच्या भिंतीवर त्याचा थर बसतो. शेवटचा पेला आणि तपासणी यांत फार तास गेले की तो थर पुन्हा जमलेला असतो. लांबून येणाऱ्या पेशंटला सकाळची पहिली वेळ देणाऱ्या माणसाला हे कधीतरी एसटीत बसवून शिकवावं, असं माझं जुनं मत आहे.

दुसऱ्या खेपेआधी सरांनी बोटानं गुदाशय तपासला आणि पोटाचा एक्स-रे काढला. मळाचा मोठा गोळा गुदाशयात अडकला असेल तर आधी तो काढावा लागतो. आतडं कुठे बंद झालं असेल तर वरून लिटरनं औषध पाजणं जिवावर बेतू शकतं. दोन्ही नव्हतं. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ठीक होतं. फॉस्फेटचं औषध बाटलीत कमी असतं, प्यायला सोपं असतं, आणि सुनेला कोणीतरी तेच सुचवलं होतं. या वयात ते मूत्रपिंडाला इजा करू शकतं म्हणून सरांनी साफ नकार दिला.

बद्धकोष्ठ जुनं असेल तर शेवटच्या रात्री दुप्पट पाजून भागत नाही. आतडं सुस्त असतं, आणि वरून आलेलं पाणी घट्ट गोळ्यांना वळसा घालून निघून जातं. आधी गोळे मऊ करावे लागतात, त्याला दिवसच लागतात. म्हणून आठवडाभर आधी चूर्ण बंद केलं, कारण त्या चमच्यात किती औषध जातं हे कोणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी पेगची साधी पावडर, सतरा ग्रॅम, पेलाभर पाण्यात सकाळ-संध्याकाळ. लोहाच्या गोळ्याही तेव्हापासून बंद, त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो. गावच्या डॉक्टरांनी पोट साफ व्हायला दिलेलं लॅक्टुलोजचं गोड सिरपही थांबवलं. ते आतड्यात आंबून हायड्रोजनसारखे पेट घेणारे वायू तयार होतात, आणि आत काही कापून काढायला विजेचा फास वापरायची वेळ आली तर ते नको असतात.

शेवटचे तीन दिवस खाण्याचे. मऊ पांढरा भात, गाळलेलं मुगाचं वरण, ताक, भाज्या न घालता केलेला रव्याचा उपमा. भाकरी, पालेभाजी, दाणे, तीळ, बियांची फळं काही नाही. सुनेशी मी रोज फोनवर बोलत होते. तिनं विचारलेला एक प्रश्न आमच्या कागदावर असायलाच हवा होता: “कोकम सरबत चालतंय का?” नाही चालत. लाल रंग आतड्यात रक्तासारखा दिसतो. लिंबाचं गाळलेलं सरबत चालतं, शहाळं चालतं. शेवटच्या दोन रात्री बिसाकोडिल या जुलाबाच्या औषधाच्या पाच मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या होत्या, दुधाबरोबर घ्यायच्या नाहीत असं बजावून. दुधानं गोळीवरचं आवरण पोटातच सुटतं आणि मुरडा येतो.

आदल्या दिवशी सकाळी आजींना वॉर्डात दाखल करून घेतलं. खाटेसाठी मला भांडावं लागलं. संडासला होण्यासाठी ॲडमिशन, म्हणून थट्टाही झाली. न्याहारीनंतर फक्त पातळ, पारदर्शक पेयं. संध्याकाळी सहाला पहिले दोन लिटर सुरू केले, दर पंधरा मिनिटांनी एक पेला, थंड करून. चौथ्या पेल्याला मळमळ झाली. अर्धा तास थांबलो, उलटीची गोळी दिली, पुन्हा सुरू केलं. इथे अनेक जण घाबरून औषध सोडतात आणि नुसतं पाणी पितात. ते चुकीचं आहे. नुसत्या पाण्यानं सोडियम उतरतं. औषधात क्षार असतात ते त्यासाठीच.

रात्री दहाला आजींनी जाहीर केलं, “आता नुसतं पानीच हाय, झालं माजं.” मी पांढऱ्या प्लास्टिकच्या टबात दाखवायला लावलं. पाणी होतं खरं, पण गढूळ, तळाला चुरा. अकराच्या सुमारास पुन्हा गोळे पडले, काळपट आणि कडक. घरी असत्या तर दहालाच निवांत झोपल्या असत्या. किती वेळा झालं याला म्हणूनच मी किंमत देत नाही. पाणी पिवळसर, लघवीसारखं हवं आणि त्यातून टबाचा तळ दिसायला हवा. पहाटे सहा ते आठ उरलेले दोन लिटर दिले. साडेआठला तळ दिसला. मी वॉर्डातल्या मुलीला बोलावून मुद्दाम दाखवला. तिनं नाक धरून मान डोलावली.

अकराला दुर्बीण आत गेली. आतड्याची भिंत चित्त्याच्या कातडीसारखी काळपट तपकिरी होती. वर्षानुवर्षं सोनामुखी घेणाऱ्यांत असं होतं, याला मेलॅनोसिस कोलाय म्हणतात. तो रंग स्वतः निरुपद्रवी असतो, पण त्याचा एक उपयोग झाला. चढत्या भागात एका घडीच्या मागे फिकट, चपटा डाग दिसला, दीडेक सेंटिमीटरचा. पॉलिपमध्ये, म्हणजे भिंतीवर उगवलेल्या गाठीत, तो रंग उतरत नाही, म्हणून काळ्या भिंतीवर पॉलिप उठून दिसतो. भिंतीवर चिकट थर असता तर तो आम्हाला दिसला नसता, हे मी खात्रीनं सांगते. सरांनी खाली सलाइन टोचून तो उचलला आणि फासानं एका तुकड्यात काढला. गुण: तीन, दोन, दोन, यातले तीन डावीकडचे.

लॅबच्या तपासणीत तो ट्युब्युलोव्हिलस ॲडेनोमा निघाला, म्हणजे पुढे कर्करोगाकडे जाऊ शकणारा पॉलिप. कर्करोग नव्हता, कडा स्वच्छ होत्या. पण हिमोग्लोबिन आठवर त्यानंच आणलं का? सरांना तसं वाटत नाही, एवढ्याशा पॉलिपमधून तितकं रक्त सहसा जात नाही. जठराची दुर्बीण पुढच्या महिन्यात ठेवली आहे. घरच्यांना मात्र कारण सापडलं असंच वाटतंय, आणि त्या तपासणीला ते येतील की नाही याची मला धास्ती आहे. पहिल्या तपासणीनंतर ‘अपुरी’ असं लिहिलेला कागद घेऊन त्या घरी गेल्या असत्या आणि परत आल्याच नसत्या, तर तो डाग तिथेच वाढत राहिला असता. असे कागद घेऊन गेलेले किती जण परत येतात, याची आमच्याकडे कोणी नोंदच ठेवत नाही.

तीन वर्षांनी पुन्हा तपासायचं आहे. सात दिवसांची ही सगळी तयारी मी त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवली आहे. फॉर्मवरचा प्रश्न बदला म्हणून ऑफिसला दोनदा सांगून झालं. जुने फॉर्म संपल्याशिवाय नवे छापता येत नाहीत, असं उत्तर मिळालं. तोवर ‘नाही’वर टिक असली तरी मी प्रत्येकाला चूर्णाचं विचारते. रांग लांबते, आणि रिसेप्शनवरची मुलगी माझ्याकडे रागानं बघते.