आम्ही नाही, आपण

परभाषकांना मराठी शिकवण्याच्या कामात मजकूर तपासायला येतात ते बहुतेक सोसायटीच्या सभेतले, बँकेतले किंवा कामवाल्या मावशींसाठी लिहिलेल्या चिठ्ठीचे. त्या संध्याकाळी तास संपल्यावर माझा एक बंगाली विद्यार्थी मागे थांबला आणि त्याने दोन पानं पुढे केली. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारा, पहिला वर्ग पूर्ण करून दुसऱ्या वर्गात आलेला मुलगा. मैत्रीण वाईची. आपसात दोघं हिंदी-इंग्रजीत बोलतात, पण तिला लग्नाचं मराठीत विचारायचं त्याच्या मनात होतं. येत्या रविवारी सकाळी तळजाईच्या टेकडीवर. तिला याची काही कल्पना नव्हती.

पानं बंगाली लिपीत होती. शब्द मराठी, अक्षरं बंगाली. मला ती वाचता येत नाहीत, म्हणून मी म्हटलं, ‘तुम्हीच वाचून दाखवा.’ त्याने सुरुवात केली आणि पहिल्या दोन-तीन ओळींतच अडचण कुठे आहे ते कळायला लागलं. बंगालीत ब आणि व एकाच अक्षराने लिहितात आणि ळ तर नाहीच. त्यामुळे ‘मी तुमची वाट पाहत होतो’ हे ‘बाट’ झालं, ‘वेळ’चा ‘बेल’ झाला. वर्गात फळ्यावरची देवनागरी वाचताना हाच मुलगा व बऱ्यापैकी काढतो. स्वतःच्या लिपीत लिहिलं की जीभ स्वतःच्या भाषेच्या वळणाने जाते. म्हणून पहिली अट घातली, की लिहायचं ते देवनागरीतच, आणि रविवारी हातात कागद नको.

मजकूर मोठा होता. ‘तुम्ही माझ्या जीवनाचे प्रकाश आहात’ अशी वाक्यं शब्दकोशातून आलेली होती. ती खोडताना मला फारसं वाईट वाटलं नाही आणि त्यालाही वाटलं नसावं. खरा प्रश्न होता तो ‘तुम्ही’चा. मी विचारलं, ‘तिला तुम्ही म्हणणार?’

‘मॅडम, तू म्हटलं तर वाईट दिसेल.’

त्याची अडचण खरी होती. बंगालीत तुई, तुमि आणि आपनि अशा तीन पायऱ्या आहेत. तुई लहान मुलांना किंवा अगदी जुन्या दोस्तांना म्हणतात. प्रेमाची माणसं सहसा मधल्या पायरीवर, तुमिवर असतात. मराठी ‘तू’ त्याच्या कानाला तुईसारखा लागत होता आणि ज्या मुलीशी लग्न करायचं तिला तो तुई कसा म्हणणार? त्यात वर्गात आम्ही आधी ‘तुम्ही’ची रूपं पक्की करून घेतो, कारण रिक्षावाल्यापासून शेजारच्या काकांपर्यंत ती कुठेच चुकत नाहीत. मी म्हटलं, ‘ती फोनवर आईला काय म्हणते ते कधी ऐकलंय?’ त्याने आठवून पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. ‘तू. आईला पण तू म्हणते.’ तिथे तो मुद्दा संपला.

पण ‘तू’ घेतलं की शेवटचा प्रत्यय बदलतो, आणि भूतकाळात तो भलताच अवघड होतो. त्याला एक प्रसंग सांगायचाच होता. तो तापाने पडला होता तेव्हा ती मऊ भात आणि मेतकूट घेऊन त्याच्या खोलीवर आली आणि त्याच्या कोलकात्याच्या आईशी फोनवर बोलली. त्याने लिहिलं होतं, ‘तू भात केलीस.’ ती बाई म्हणून क्रियापदही बाईचं, हा त्याचा हिशोब. बंगालीत क्रियापदाला लिंगच नसतं, त्यामुळे मराठीत ते असतं एवढं कळल्यावर विद्यार्थी ते समोरच्या माणसाला जोडून मोकळे होतात. पण इथे क्रियापद भाताच्या मागे जातं: तू भात केलास, तू पोळी केलीस, तू पिठलं केलंस. तीन पदार्थ, तीन रूपं, आणि करणारी एकच.

हा नियम त्याला माहीत होता. स्वाध्यायात तो बरोबर लिहितो. पण टेकडीवर, धाप लागलेली असताना आणि छातीत धडधड होत असताना, तो भाताचं लिंग आठवेल यावर माझा विश्वास नव्हता. अशा वेळी नियम पुन्हा घोटून घेण्यात अर्थ नसतो, वाक्य बदलायचं असतं. ‘आणणे’ आणि ‘करणे’ काढून टाकून मी तिथे ‘येणे’ आणि ‘बोलणे’ ठेवलं: ‘तू मऊ भात घेऊन आलीस. माझ्या आईशी बोललीस.’ आता क्रियापद सरळ तिच्याच मागे जातं, त्याच्या मनातला हिशोब बरोबर ठरतो आणि वाक्य कुठेही शिकाऊ वाटत नाही. सबंध मजकुरात असं पाहून पाहून भूतकाळातली बाकीची क्रियापदंही आलो, राहिलो, शिकलो अशा वळणाची निवडली. ‘मला कळत नाही’च्या जागी ‘मला समजत नाही’ केलं, म्हणजे ळ टळला. त्याचा स मात्र अधूनमधून श होतो, तो मी तसाच राहू दिला. त्याने अर्थ बिघडत नाही, आणि ती रोज त्याच तोंडून ऐकते.

‘आवडणे’ हे क्रियापद टाळता येणार नव्हतं. त्याने लिहिलेलं वाक्य होतं, ‘मला तुला आवडतं.’ बंगालीत याच अर्थाच्या वाक्यात आवडणारी व्यक्ती कर्माच्या रूपात येते आणि क्रियापद समोर कोण आहे हे न बघता तसंच राहतं. मराठीत जी आवडते ती कर्ता होऊन बसते आणि क्रियापद तिचं होतं: मला तू आवडतेस. हे एकच वाक्य आम्ही घोटलं. ‘मला चहा आवडतो, मला कैरी आवडते, मला तू आवडतेस,’ असं तो लिफ्टपर्यंत म्हणत गेला, आणि लिफ्टमधल्या आजींनी माझ्याकडे पाहिलं ते पाहिलंच. ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ हेही त्याच्या कागदावर होतं. ते चूक नाही. पण माझ्या कानाला ते पडद्यावरचं वाटतं, म्हणून काढायला सांगितलं. माझी आवड म्हणा हवं तर.

आणि मग ते शेवटचं वाक्य आलं, ज्याच्यासाठी ही सगळी खटपट होती. त्याने लिहिलं होतं, ‘आम्ही लग्न करू.’

मी हसू आवरलं. ‘यात ती नाहीये,’ मी म्हटलं. त्याला समजेना. मराठीत ऐकणारा धरून ‘आपण’ आणि ऐकणाऱ्याला वगळून ‘आम्ही’. बंगालीत दोन्हीला एकच शब्द, हिंदीतही ‘हम’ एकच. त्यात हिंदीच्या ‘आप’मुळे ‘आपण’ म्हणजे आदराने ‘तुम्ही’ एवढंच त्याच्या डोक्यात बसलेलं. तिच्यासमोर उभं राहून ‘आम्ही लग्न करू’ म्हणणं म्हणजे ‘मी आणि दुसरी कुणीतरी लग्न करणार आहोत, तुला कळवतोय.’ त्याने कपाळावर हात मारला.

‘करशील का’ की ‘करूया का’, यावर थोडा वेळ गेला. ‘माझ्याशी लग्न करशील का?’ हेही अगदी चालतं. ‘करणार आहेस का?’ मात्र नको, त्यात लग्नाचा विचार आहे की नाही याची चौकशी केल्यासारखं वाटतं. त्याने ‘करूया’ घेतलं. शेवटी उरलं ते एवढंच:

‘मला आज तुझ्याशी मराठीत बोलायचं आहे. चुका होतील. हसलीस तरी चालेल. मी पुण्यात आलो तेव्हा इथे कुणालाच ओळखत नव्हतो. आता ऑफिस सुटलं की मी आधी तुला फोन करतो. मी आजारी होतो तेव्हा तू मऊ भात घेऊन आलीस. माझ्या आईशी बोललीस. मला तू आवडतेस. खूप आवडतेस. आपण लग्न करूया का?’

दोन पानांचं हे झालं म्हणून तो जरा हिरमुसला. पण यातलं प्रत्येक वाक्य त्याच्या मालकीचं आहे की नाही, ते तपासायची माझी एक पद्धत आहे. मध्येच तोडायचं. ‘आजारी होतो तेव्हा’पर्यंत आला की मी विचारायची, ‘कधी रे?’ नुसतं पाठ केलेलं असेल तर माणूस गडबडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. तो आधी तसंच करायचा. मग हळूहळू ‘पावसाळ्यात’ असं उत्तर देऊन पुढे जायला लागला. मला ‘तू’ म्हणायला मात्र तो काही केल्या तयार होईना, शेवटी रिकाम्या खुर्चीला उद्देशून सराव केला.

विचारणाऱ्याच्या लक्षात सहसा राहत नाही की समोरूनही मराठीच येणार आहे, आणि ती काही पाठ्यपुस्तकातलं बोलणार नाही. म्हणून निम्मा वेळ मी तिची उत्तरं दिली, नेहमीच्या वेगाने, अर्धे स्वर खाऊन. ‘काहीतरीच काय!’ ऐकल्यावर तो पडला चेहरा घेऊन बसला. तो नकार नाही, उलट बऱ्याचदा आनंदाने उडालेला गोंधळ असतो, हे सांगावं लागलं. ‘वेडा आहेस का?’ हेही तसंच, सूर बघायचा. ‘बघू’ आलं तर मात्र आग्रह करायचा नाही. आणि काहीच समजलं नाही तर म्हणायला एक वाक्य दिलं: ‘थांब, हळू बोल, मला नीट ऐकायचं आहे.’

सोमवारी तो वर्गाच्या आधीच दारात उभा. मजकूर पूर्ण म्हणून झाला होता, ‘आलीस’ बरोबर आलं होतं, ‘चुका होतील’ला ती हसली होती. आणि उत्तर? ‘ती म्हणाली, हो रे बाबा. आणि मग खूप फास्ट काहीतरी म्हणाली. मी थांब म्हटलं. मग हळू म्हणाली, आता आईबाबांशी तू बोल. मराठीत.’

म्हणजे नवा मजकूर. यावेळी सगळं ‘तुम्ही’, सगळं अदबीचं, आणि रिकाम्या खुर्चीऐवजी मीच तिचे बाबा होऊन बसले. नमस्कार झाला, कोलकात्याचं घर झालं, नोकरी झाली. मग त्याने श्वास घेतला आणि माझ्याकडे बघून ठामपणे म्हणाला, ‘काका, आपण लग्न करणार आहोत.’

‘मी नाही हो,’ मी म्हटलं, ‘माझं झालंय. इथे आम्ही म्हणा.’