वासरू उकळून पीत नाही

निबंधस्पर्धेचं परीक्षण करायला तर्कशास्त्राच्या बाईला सहसा कुणी बोलवत नाही. ते मराठी विभागाचं संस्थान. यंदा त्यांचे एक परीक्षक आयत्या वेळी अडकले आणि ‘आरोग्य आणि समाज’ असा विषय असल्यानं गठ्ठा माझ्याकडं आला. नावांवर कागदी पट्ट्या चिकटवलेल्या, कोपऱ्यात सांकेतिक क्रमांक, सोबत गुणतक्ता: भाषाशैली २०, विचार २०, शुद्धलेखन १०. परीक्षक पहिल्या फेरीत सुरुवात, शेवट आणि अक्षर एवढंच बघतो, हे स्पर्धकांना माहीत नसतं. मधला निबंध वाचला जातो तो दुसऱ्या फेरीत, गठ्ठा हातात मावेल इतका झाल्यावर. आणि ‘विचार २०’ म्हणजे नेमकं काय तपासायचं, हे मला विभागातल्या कुणीही सांगू शकलं नाही. “मुद्दे असले की द्यायचे,” एवढंच उत्तर.

दुसऱ्या फेरीत तो निबंध हाती आला. विषय धारोष्ण दुधाचा. गंगावेशीतला कट्टा कोल्हापूरकरांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच की म्हशी तिथं येऊन उभ्या राहतात, समोर धार काढली जाते आणि फेसाळ दूध तसंच पेल्यात मिळतं. लिहिणारीनं हे इतकं सुरेख उभं केलं होतं की धारेचा आवाज ऐकू यावा. (मुलगी आहे, हे नंतर कळलं.) मग तालमी, पैलवान, आजोबा. मग युक्तिवाद: रोज शेकडो माणसं हे दूध पितात, पिढ्यान्‌पिढ्या पीत आलीत, वाईट असतं तर कोल्हापूर एवढं धडधाकट राहिलं असतं का? आणि शेवटी, “वासरू दूध उकळून पीत नाही. निसर्गाला चूल ठाऊक नाही.”

माझ्या आधी हा निबंध तपासलेल्या सरांनी या ओळीखाली तांबड्या शाईनं दोन रेघा मारून ‘वा!’ लिहिलं होतं. विचाराला १८.

माझी तपासायची एक पद्धत आहे आणि तिचा मला थोडा गर्वही आहे. कोऱ्या कागदावर वरती निष्कर्ष लिहायचा: ‘दूध न उकळता पिणं आरोग्याला चांगलं.’ खाली निबंधातलं एकेक विधान, विशेषणं काढून. मग प्रत्येकापुढं दोन वेगळे प्रश्न. हे खरं आहे का? आणि खरं असेल, तर वरच्या ओळीचं वजन त्यानं वाढतं का? विद्यार्थी पहिल्याच प्रश्नाशी थांबतात. शिक्षकही.

‘रोज शेकडो लोक पितात.’ खरं आहे. आता त्याच वाक्यात दुधाच्या जागी मिसरी घातली. आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी तंबाखू भाजून दातांना लावली, आजही लावतात. म्हणून मिसरी आरोग्याला चांगली होत नाही. वाक्याचा साचा तोच ठेवून उलट्या गोष्टीलाही तो तितकाच आधार देत असेल, तर तो कुणालाच आधार देत नाही.

इथं सर म्हणू शकले असते, आणि पुढं म्हणालेच, की एवढी माणसं पितात आणि कुणाला काही होत नाही, हा तर अनुभव आहे. हे ऐकायला बरोबर वाटतं, म्हणून मी जरा खोलात गेले. माझा मावसभाऊ जनावरांचा डॉक्टर आहे. त्याला फोन केला.

“ताई, ब्रुसेलाचं नाव ऐकलंयस?” त्यानं विचारलं. या जिवाणूनं म्हैस गाभडते. पुढं ती पुन्हा गाभण राहते, व्यवस्थित दूध देते, बघणाऱ्याला तगडी दिसते; पण दुधातून जंतू येत राहू शकतात. कच्चं दूध प्यायलेल्या माणसाला लागण झाली तर साधारण दोन ते चार आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी ताप सुरू होतो. चढतो, उतरतो, घाम येतो, कंबर आणि सांधे धरतात. डॉक्टरला आधी टायफॉईड किंवा टीबीची शंका येते. निदान झालं तर किमान सहा आठवडे औषधं. “आणि म्हशीची धार गरम असते म्हणून लोकांना वाटतं ते शिजल्यासारखंच आहे. अगं, ती तिच्या अंगाची ऊब, अडतीस अंशांच्या आसपास. डेअरीत दूध बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद धरतात तेव्हा कुठं हे जंतू मरतात. ऊब त्यांना उलट मानवतेच.”

कट्ट्यावरच्या म्हशींना हा रोग आहे असं तो म्हणाला नाही, मीही म्हणत नाही. चार ते आठ महिन्यांच्या पारड्यांना यावरची लस टोचण्याचा सरकारी कार्यक्रम २०१९ पासून आहे. माझा मुद्दा ‘कुणाला काही झालं नाही’ या वाक्याचा आहे. महिन्यानं ताप आलेला माणूस त्या रात्रीचा पेला आठवत नाही. आठवला आणि त्यानं पिणं सोडलं, तर तो कट्ट्यावर दिसत नाही. तिथं आज उभे असलेले सगळे ठणठणीत असणारच. ज्यांना सोसलं नाही ते त्या गर्दीत मोजलेच जात नाहीत.

मोजलं गेलं तर काय दिसतं, याचं उदाहरण माल्टा बेटाचं आहे. तिथं शेळ्या दारोदार हिंडवून, गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध देत. अख्खं बेट तेच पीत होतं. तिथल्या ब्रिटिश सैनिकांना एक चिवट ताप यायचा. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरनं मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून त्याचा जंतू वेगळा काढला, पण तो येतो कुठून हे कळायला १९०५ उजाडलं. थेमिस्टोक्लिस झामिट या माल्टाच्याच डॉक्टरला निरोगी दिसणाऱ्या शेळ्यांच्या रक्तात लागणीची खूण सापडली, पुढं दुधात जंतूही मिळाले. १९०६ मध्ये सैन्यानं शेळीचं कच्चं दूध बंद केलं आणि छावणीतला ताप झपाट्यानं ओसरला. बेटावरचे लोक पीत राहिले, त्यांच्यातला ताप चालू राहिला. बेट तेच, हवा तीच, शेळ्या त्याच. दूध तेवढं बदललं होतं.

आता वासरू. तेही खरं आहे, वासरू उकळून पीत नाही. पण ते आपल्या आईच्या आचळाला थेट लागतं; मधे ना दूधवाल्याचा हात, ना पेला. शिवाय त्यालाही जंतू सोडत नाहीत, हगवणीनं वासरं दगावतात हे गोठ्यात वाढलेल्या कुणालाही ठाऊक असतं. जॉन स्टुअर्ट मिलचा ‘निसर्ग’ या विषयावरचा लेख त्याच्या मृत्यूनंतर १८७४ मध्ये छापला गेला. त्यातला पेच इथं तंतोतंत बसतो. निसर्ग म्हणजे जगात घडणारं सगळं म्हणावं, तर चूलही त्यातच आली. माणसाच्या हस्तक्षेपाविना घडतं ते म्हणावं, तर दुसऱ्या प्राण्याचं दूध काढून गंगावेशीत पेल्यात विकणं त्यात कुठून बसणार? दोन्ही अर्थांनी ‘निसर्गाला चूल ठाऊक नाही’ हे वाक्य सुंदर राहतं आणि निष्कर्ष होता तिथंच राहतो.

यानंतर जे सापडलं त्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. चौथ्या पानावर, घाईत लिहिलेलं, कुणीही अधोरेखित न केलेलं एक वाक्य होतं: ‘उकळल्यामुळे दुधातले सत्त्व नष्ट होते.’ हे बरंचसं चूक आहे. काही जीवनसत्त्वं थोडी घटतात. प्रथिनं आणि कॅल्शियम अंगाला मिळायचं ते मिळतंच. पण अख्ख्या निबंधात आधार म्हणावा असं हे एकच वाक्य. ते खरं असतं तर निष्कर्षाला वजन आलं असतं. तपासता येतं, खोडता येतं. बाकीची दोन वाक्यं शंभर टक्के खरी आणि पूर्ण निरुपयोगी.

अशा निबंधाला ‘विचार २०’ पैकी किती द्यायचे? मी ७ दिले. सरांचा फोन आला.

“मॅडम, निबंध आहे तो. कोर्टातला अर्ज नव्हे.”

“सर, आरोग्याविषयी सल्ला दिलाय तिनं. वाचून कुणी लहान पोराला कच्चं दूध पाजलं तर?”

“आणि तुम्ही शाबासकी कुठल्या वाक्याला देताय, तर जे चूक आहे त्याला! खऱ्या वाक्यांना शून्य?”

सर मोठे व्यासंगी. पण सुंदर वाक्य दिसलं की त्यांचा पेन आपोआप रेघ मारतो, आणि आमच्या पोरांना नेमकं तेच शिकवलं गेलंय: सुरुवातीला सुभाषित, मधे निसर्ग, शेवटी ‘आबालवृद्धांनी स्वीकारलेले’. निबंधाला दुसरा क्रमांक मिळाला.

बक्षीस समारंभानंतर ती मुलगी भेटायला आली. राधानगरीकडची, घरी दोन म्हशी. मी माझा कागद दाखवला. तिनं शांतपणे वाचला आणि विचारलं, “मॅडम, तुमच्या घरात दूध उकळतात ते का? सगळे उकळतात म्हणूनच की.”

खरं होतं. माझी आई उकळायची ते दूध नासू नये म्हणून, आणि तिची आई उकळायची म्हणून. ब्रुसेला आमच्या स्वयंपाकघरात कुणाच्या गावी नव्हता. “म्हणूनच दोन्हीकडची गर्दी खोड,” मी म्हटलं, “आणि काय उरतं बघ. उकळण्याच्या बाजूला माल्टा उरतं.”

“पण सगळे डॉक्टर सांगतात, ही पण गर्दीच झाली.”

मी सांगितलं की ज्यांनी प्रत्येकानं स्वतंत्रपणे रक्त आणि दूध तपासलंय त्यांचं एकमत वेगळं, आणि एकमेकांकडं बघून पेला उचलणाऱ्यांचं वेगळं. पहिल्यात प्रत्येक डोक्यामागं एक निरीक्षण असतं.

“ते त्यांनी बघितलंय की नुसतं ऐकलंय, हे मला कसं कळणार?”

त्यांना विचार, मी म्हटलं. कुठलं जनावर, कुठला नमुना, कुणाशी तुलना केली. सांगता आलं तर बघितलंय. तिनं मान हलवली, पण हे उत्तर अपुरं आहे हे तिला कळलं होतं. तिच्या गावातला डॉक्टरही हे पुस्तकातूनच शिकलेला. कुठंतरी कुणाच्या तरी शब्दावर थांबावंच लागतं, आणि ते कुठं थांबायचं हे मला नीट मांडता आलेलं नाही.

पुढच्या वर्षीच्या गुणतक्त्यात ‘विचार २०’ फोडून ‘आधार १०’ असा रकाना घालायला संयोजक तयार झालेत. चाचणी म्हणून सरांनी आणि मी तोच निबंध पुन्हा तपासला. आधाराला मी ३ दिले, ते त्या सत्त्वाच्या वाक्याचे. सरांनी ८ दिले, वासराचे.