जुलैमध्ये आलेले पैसे आणि एप्रिलमध्ये आलेला हिशोब

2024 मध्ये नाशिकहून धाकट्या बहिणीचा फोन आला होता. लाडकी बहीण योजनेचे ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे हप्ते आचारसंहिता लागायच्या आधीच, एकत्र खात्यात आले, असं ती सांगत होती. "ताई, तुमच्याकडे असलं काही नसेल ना गं?" मी म्हटलं, आहे. आणि 2015 च्या जुलैमधली गोष्ट तिला सांगायला बसले. अर्धा तास झाला तरी संपेना, म्हणून आता सगळी लिहूनच काढते.

आम्ही टोरांटोजवळ मिसिसागामध्ये राहतो. दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये मी कम्युनिटी हॉलमध्ये कमी उत्पन्नाच्या लोकांचे इन्कम टॅक्स रिटर्न विनामूल्य भरून देते. शनिवारी सकाळी लोक कागदांची पाकिटं घेऊन रांगेत बसतात आणि आम्ही स्वयंसेवक एकेकाचं रिटर्न कॉम्प्युटरवर भरतो. सरकारने एखाद्याला काय दिलं आणि त्याच्याकडून काय घेतलं, हे दोन्ही एकाच टेबलावर दिसणारी दुसरी जागा मला माहीत नाही.

2015 मध्ये कॅनडात मध्यवर्ती निवडणूक होती आणि तिची तारीख सगळ्यांना आधीपासून ठाऊक होती. 2007 मध्ये इथे कायदा झाला की निवडणूक चौथ्या वर्षी ऑक्टोबरच्या तिसऱ्या सोमवारी घ्यायची. पंतप्रधानांनी स्वतःच्या सोयीने तारीख ठरवू नये, हा त्यामागचा हेतू. तो चांगलाच होता. पण त्याची दुसरी बाजू माझ्या लक्षात फार उशिरा आली. तारीख हलवता येत नसेल, तर पैसे हलवता येतात. 19 ऑक्टोबर 2015 ही तारीख पक्की असल्यावर कुठली रक्कम कुठल्या महिन्यात लोकांच्या हातात पडावी, याचं नियोजन वर्षभर आधी करता येतं.

आणि तसंच झालं. इथे तेव्हा लहान मुलांसाठी एक भत्ता होता, युनिव्हर्सल चाइल्ड केअर बेनिफिट. सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे महिन्याला 100 डॉलर मिळायचे. पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी 30 ऑक्टोबर 2014 ला जाहीर केलं की हे 100 चे 160 होतील, आणि सहा ते सतरा वयाच्या मुलांनाही महिन्याला 60 डॉलर मिळतील. वाढ लागू झाली 1 जानेवारी 2015 पासून, पण पैसे मात्र जुलैमध्ये. त्याला कायद्याची मंजुरी लागणार होती, हे खरं. तरी परिणाम असा झाला की सहा महिन्यांची थकबाकी साठली आणि 20 जुलैला जुलैच्या हप्त्यासकट एकरकमी खात्यात पडली. सहा वर्षांखालच्या मुलामागे 520 डॉलर, मोठ्या मुलामागे 420. देशभर मिळून सुमारे 3 अब्ज डॉलर एका दिवसात वाटले गेले. त्या खात्याचे मंत्री पिएर पॉलिएव्ह यांनी हॅलिफॅक्सला जाऊन पक्षाचं चिन्ह असलेला शर्ट घालून या वाटपाची घोषणा केली, त्यावर वर्तमानपत्रांतून बरीच टीका झाली. तेरा दिवसांनी, 2 ऑगस्टला, निवडणूक अधिकृतपणे जाहीर झाली.

दर महिन्याला 60 डॉलर जास्त आले असते तर ते दूध, डायपर, बसचा पास यांत कधी विरले असते कुणाला कळलंही नसतं. 420 डॉलर एकदम आले की माणूस बँकेच्या स्टेटमेंटकडे दोनदा बघतो. आमच्या बिल्डिंगमध्ये त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. कुणी शाळेचे बूट आणि हिवाळी जॅकेट आधीच घेऊन ठेवलं, कुणी क्रेडिट कार्ड फेडलं. रक्कम तीच, पण साठवून दिली की ती लक्षात राहते.

आता एप्रिल 2016. माझ्या टेबलासमोर एक बाई बसल्या होत्या, साताऱ्याकडच्या. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) दोन मुलं, एक चार वर्षांचं आणि एक आठ. त्या एका गोदामात पॅकिंगचं काम करायच्या, नवरा ट्रक चालवायचा. मी रिटर्न भरून शेवटी परत मिळणाऱ्या टॅक्सचा आकडा सांगितला तर त्यांचा चेहरा उतरला. "ताई, दरवर्षीपेक्षा इतका कमी कसा? काही चुकलं का बघा ना." मी बघितलं. चुकलं काहीच नव्हतं. त्यांच्या पाकिटात वर्षभरात किती भत्ता मिळाला ते दाखवणारी आरसी-62 नावाची एक स्लिप होती, ती मी पुढे सरकवली आणि कागदाच्या मागे हिशोब मांडला.

जुलैमध्ये त्यांच्या खात्यात 520 आणि 420 मिळून 940 डॉलर आले होते. त्यातले 100 तर धाकट्याचे जुलैचे जुनेच होते, ते एरवीही आलेच असते. म्हणजे नवे 840. वर्षभराचं बघितलं तर दोन मुलांमागे महिन्याला 60-60 डॉलर जास्त, म्हणजे वर्षाला 1,440.

पण हा भत्ता करपात्र होता. देताना टॅक्स कापला जात नव्हता, त्यामुळे तो पुढच्या एप्रिलमध्ये रिटर्नमध्ये मोजला जायचा. ऑन्टारिओत सगळ्यात खालच्या टप्प्यावर मध्यवर्ती आणि प्रांताचा मिळून दर सुमारे 20 टक्के. 1,440 वर साधारण 289 डॉलर गेले. आणि दुसरी गोष्ट त्यांना कुणीच सांगितली नव्हती. या वाढीबरोबरच सरकारने मुलांसाठीची जुनी करसवलत बंद केली होती, तीही 2015 पासूनच. ती सवलत प्रत्येक मुलामागे 338 डॉलर टॅक्स वाचवायची. दोन मुलांचे 676 गेले. 1,440 मधून 289 आणि 676 वजा केले की उरतात 475. जुलैमध्ये ज्यांच्या हातात 940 दिसले होते, त्यांना सगळ्या वर्षाचा खरा फायदा 475 डॉलरचा होता.

त्या बाई बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग जुलैमध्येच एवढे दिले असते तरी चाललं असतं की." मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलं. 475 डॉलर काही कमी नव्हते, त्यांना ते हवेच होते. पण मिळणारा भाग मतदानाच्या तीन महिने आधी आला आणि जाणारा भाग मतदानाच्या सहा महिन्यांनंतर. मत द्यायला जाताना त्यांच्याकडे अर्धाच हिशोब होता, याचा मला आजही राग येतो.

अर्थशास्त्रात या प्रकाराला राजकीय व्यापारचक्र म्हणतात. विल्यम नॉर्डहाउस यांनी 1975 मध्ये ते गणितात मांडलं: मतदार अलीकडचं जास्त लक्षात ठेवतात, म्हणून सरकार निवडणुकीआधी अर्थव्यवस्थेला जोर देतं आणि त्याची किंमत नंतर चुकवली जाते. त्याच्या तीनच वर्षं आधी अमेरिकेत अगदी पुस्तकी उदाहरण घडलं होतं. 1972 मध्ये वृद्धांचं निवृत्तिवेतन 20 टक्क्यांनी वाढलं, वाढीव चेक ऑक्टोबरच्या सुरुवातीला घरोघरी पोचले, नोव्हेंबरमध्ये निक्सन पुन्हा निवडून आले, आणि त्यासाठी पगारातून कापला जाणारा वाढीव कर जानेवारी 1973 पासून सुरू झाला.

आपल्याला वाटतं निवडणूक आली की सरकार तिजोरी उधळतं आणि तूट फुगते. नव्या लोकशाह्यांत असं होताना जास्त दिसतं. पण जिथे लोक आणि वर्तमानपत्रं अर्थसंकल्प बारकाईने वाचतात, तिथे तूट वाढवणं उलट अंगाशी येतं. म्हणून एकूण आकडा आवरता ठेवून आतल्या आत सरकवासरकव होते. 2015 चा इथला अर्थसंकल्प तूट नव्हे, 1.4 अब्ज डॉलरची शिल्लक दाखवत होता. ती दाखवण्यासाठी आकस्मिक खर्चाची राखीव रक्कम 3 अब्जांवरून 1 अब्जावर आणली होती आणि सरकारकडचे जनरल मोटर्सचे शेअर विकले होते. वर्ष संपल्यावर प्रत्यक्षात सुमारे 1 अब्जाची तूट निघाली, तोपर्यंत सरकारही बदललेलं होतं. तेव्हा शोधायचंच असेल तर तुटीच्या आकड्यात शोधू नये. पैसे कोणत्या महिन्यात येतात, ते थकबाकी किंवा आगाऊ म्हणून एकत्र केलेत का, आणि त्याच कायद्यात गुपचूप काय बंद झालं, हे बघावं.

सरकार बदललं, हे मुद्दाम सांगितलं. हार्पर हरले. 338 पैकी 99 जागा त्यांच्या पक्षाला, 184 जस्टिन ट्रुडोंच्या लिबरल पक्षाला. लिबरल पक्ष म्हणत होता की हा भत्ता श्रीमंतांनाही मिळतो आणि वर त्यावर टॅक्स बसतो, आम्ही गरजेप्रमाणे आणि करमुक्त देऊ. शिवाय पैसे ज्यांच्या खात्यात गेले त्यांतले कितीतरी जण मत देऊच शकत नव्हते. भत्ता पर्मनंट रेसिडेंटलाही मिळायचा, मत फक्त नागरिकाला असतं. आमच्या बिल्डिंगमधली निम्मी घरं तशीच होती, माझंही त्यातच. म्हणजे पैसे दिले की मतं मिळतातच, असं नाही.

बहिणीला मी हे सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "आमचे पुढचे दोन महिने आधी दिले, तुमचे मागचे सहा महिने नंतर दिले." इतक्या नेमक्या शब्दांत मला कधी सांगता आलं नव्हतं. तिला त्या पैशांतून मुलीची क्लासची फी भरता आली आणि मी तिला एका शब्दानेही ते चुकीचं म्हणणार नाही. घरखर्चाचा पैसा हा घरखर्चाचाच असतो, तो कुठल्याही महिन्यात आला तरी.

त्यानंतर इथेही पुन्हा तोच प्रकार झाला, या वेळी प्रांताच्या पातळीवर. ऑन्टारिओ सरकारने 2024 च्या ऑक्टोबरअखेरीस जाहीर केलं की प्रत्येक प्रौढाला 200 डॉलरचा चेक मिळेल आणि मुलांमागे आणखी 200. खर्च सुमारे 3 अब्ज. निवडणूक खरं तर जून 2026 मध्ये होती. पण चेक जानेवारीपासून टपालात पडू लागले, त्याच महिन्याच्या शेवटी मुदतपूर्व निवडणूक जाहीर झाली, आणि 27 फेब्रुवारी 2025 ला मतदान झालं. सत्ताधारी पक्ष पुन्हा जिंकला. त्या वेळी अमेरिकेच्या टॅरिफची भीती इतकी होती की चेकमुळे किती मतं हलली हे वेगळं काढताच येत नाही, म्हणून त्यावर मी काही ठामपणे सांगणार नाही.

या चेकवर टॅक्स नव्हता, त्यामुळे आमच्या टेबलावर त्याची कुठलीच स्लिप आली नाही. आता मी घरच्या कॅलेंडरवर प्रत्येक घोषणेसाठी दोन नोंदी करते, पैसे कधी आले आणि त्यांचा हिशोब कधी आला. आरसी-62 पुढे दोन्ही तारखा आहेत: 20 जुलै 2015 आणि एप्रिल 2016. या 200 डॉलरपुढे एकच तारीख आहे. मे 2025 च्या प्रांताच्या अर्थसंकल्पात 14.6 अब्ज डॉलरची तूट दाखवली होती, आणि हे 3 अब्ज नेमके कुणाकडून आणि कधी वसूल होणार, हे मी अजून शोधते आहे.