उघड्या भरावावरचा गाळ अडवताना: आधी हिशेब, मग उपाय (माझा अनुभव)

रत्नागिरी जिल्ह्यातील एका गोदामासाठी डोंगरउतारावर भराव घालून सपाट जागा तयार करण्याचे काम माझ्या देखरेखीखाली होते. भरावाची दरीकडील बाजू १२ मीटर उंच आणि ६० मीटर लांब होती. उतार एकास दोन, म्हणजे एक मीटर उंचीमागे दोन मीटर आडवे अंतर असा ठेवला होता. भराव जांभ्याच्या मुरमाचा होता आणि तो मे महिन्यात पूर्ण झाला. खाली लगेचच भाताची खाचरे आणि त्यांना पाणी देणारा एक पऱ्हा होता. कंत्राटदाराचा प्रस्ताव साधा होता: पायथ्याशी गाळरोधक कापडाचे कुंपण, म्हणजे सिल्ट फेन्स, उभारावे आणि पावसाला सामोरे जावे. त्या कुंपणाला किती माती पेलावी लागेल हे ठरवल्याशिवाय मला त्यावर सही करायची नव्हती.

वार्षिक धूप काढण्यासाठी मी प्रचलित सूत्र वापरले:

A = R × K × LS × C × P

यात A म्हणजे हेक्टरी वाहून जाणारी माती, R पावसाची धूपशक्ती, K मातीची धूपप्रवणता, LS उताराची लांबी व तीव्रता, C जमिनीवरील आच्छादन आणि P पृष्ठभागावरील उपाययोजना. आपल्याकडे R साठी बहुधा वार्षिक पावसावर आधारलेले 79 + 0.363 × पाऊस (मि.मी.) हे समीकरण वापरतात. पाऊस ३,००० मि.मी. धरल्यास त्यातून सुमारे १,१६८ हा आकडा येतो. मात्र हे समीकरण जुन्या मेट्रिक एककांत आहे, आणि K चे हल्लीचे तक्ते बहुतेक वेळा एसआय एककांत असतात. दोन्ही एकत्र वापरायचे असतील तर R ला ९.८१ ने गुणावे लागते, म्हणजे तो जवळजवळ ११,४६० होतो. आमच्या मुरमाचा K चाळणी परीक्षणावरून ०.०२ ठरला होता.

उताराची आडवी लांबी २४ मीटर होती. ताज्या भरावावर पाण्याच्या बारीक घळी फार लवकर पडतात, म्हणून लांबीचा घातांक बांधकामाच्या जमिनीसाठी सुचवलेला, ०.८२ धरला. त्यावरून LS ७.५ आला. उघड्या मातीसाठी C आणि P दोन्ही १ धरले, आणि उत्तर आले हेक्टरी सुमारे १,७२० टन. आमच्या उताराचे आडवे क्षेत्रफळ ०.१४४ हेक्टर होते, त्यामुळे एका पावसाळ्यात २४७ टन, म्हणजे सैल गाळाच्या रूपात दोनशे घनमीटरहून थोडा अधिक.

आमच्याकडे आलेल्या एका तक्त्यात हाच आकडा हेक्टरी १७५ टन असा होता. एककांची गल्लत तिथेच झाली होती, पण एवढ्यावर कोणाचे समाधान झाले नसते. म्हणून जमिनीवरचा पुरावा पाहिला. शेजारी त्याच मुरमाचा, साधारण तेवढ्याच उताराचा एक भराव मागच्या पावसाळ्यात उघडाच राहिला होता. त्याच्या मध्यावर आम्ही १० मीटरची दोरी आडवी ताणली, तिच्याखाली येणाऱ्या प्रत्येक घळीची रुंदी व खोली पट्टीने मोजली आणि सगळ्यांची छेदक्षेत्रे मिळवली. वीतभर खोल घळी तर अनेक होत्या. बेरीज ०.७ चौरस मीटर भरली, म्हणजे नुसत्या घळींतून सरासरी सात सेंटिमीटर थर गेला होता, हेक्टरी हजार टनांच्या आसपास. हेक्टरी १७५ टनांचा अर्थ जेमतेम सव्वा सेंटिमीटर होतो. त्यामुळे १,७२० हा आकडा योग्य पट्ट्यातला आहे याची खात्री झाली. त्याहून अधिक अचूकता मी त्याच्याकडून मागितली नाही, कारण या सूत्रामागचे मूळ प्रयोग फार सौम्य उतारांवरचे आहेत, ते अनेक वर्षांची सरासरी देते आणि उतार ढासळण्याचा त्यात विचारच नाही.

आता कुंपणाचा प्रश्न. ०.६ मीटर उंचीचे कापड पायथ्यापासून दोन मीटर पुढे लावले आणि गाळ निम्म्या उंचीला पोहोचताच काढायचा असे ठरवले, तर आमच्या साठ मीटर लांबीत एका वेळी सुमारे ४० घनमीटर गाळ मावतो. दोनशे घनमीटरसाठी पावसाळ्यात पाच वेळा उपसा करावा लागणार, तोही चिखलात, जिथे यंत्र जाऊ शकत नाही. कापडाचे कुंपण हे शेवटचे राखणदार म्हणून ठीक असते, सगळा भार घेण्यासाठी नाही. म्हणून माती उतारावरच थोपवणे भाग होते.

आच्छादनासाठी भाताचा पेंढा जवळपास सहज मिळत होता. हेक्टरी साडेचार टन पेंढा, नीट धरून ठेवलेला असेल तर, इतक्या तीव्र उतारावर C सुमारे ०.२ पर्यंत खाली येतो. पण या आकड्याला एक अट आहे, आणि माझ्या अनुभवात ती बहुतेक जण वाचतच नाहीत: ३४ ते ५० टक्के उतारावर तो जेमतेम ११ मीटर लांबीपर्यंतच धरता येतो. त्याहून लांब उतारावर खालच्या भागात पाण्याचा जोर वाढतो आणि पेंढा घसरून गोळा होतो. आमच्या उताराची प्रत्यक्ष लांबी २७ मीटर होती. मधोमध एक पायरी काढली असती तरी साडेतेरा मीटरचे दोन तुकडे उरले असते. म्हणून दोन पायऱ्या ठरवल्या, ज्यामुळे प्रत्येक तुकडा नऊ मीटरच्या आत आला. मालकाला त्यासाठी माथ्यावरची तीन मीटर जागा सोडावी लागली, आणि सर्वाधिक वाद त्यावरच झाला. पायऱ्यांमुळे LS ७.५ वरून ३ वर उतरला, हे कागदावर दाखवल्यावर तो मिटला.

पायऱ्या भरावाकडे कललेल्या आणि एका टोकाकडे एक ते दोन टक्के उताराच्या ठेवल्या. टोकाला दगडी पिचिंगची पन्हळ करून पाणी गाळखड्ड्यात सोडले. माथ्यावर मातीचा बांध घालून सपाट जागेचे पाणी दुसरीकडे वळवले. तो बांध नसता तर माथ्यावरची सगळी जागा उताराच्या लांबीत धरावी लागली असती आणि वरचा सारा हिशेब निरर्थक ठरला असता. डोझर उतारावर खालीवर फिरवल्याने त्याच्या पट्ट्यांचे आडवे ठसे उमटले, त्यासाठी P ०.९ धरला. मग पेंढा पसरून त्यावर काथ्याची जाळी खुंट्यांनी घट्ट ठोकली. नव्या आकड्यांनी धूप हेक्टरी सुमारे १२५ टन आली, म्हणजे आमच्या जागेवर १८ टन, साधारण १५ घनमीटर गाळ. कुंपणाला हे सहज झेपणारे होते.

जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर वरच्या तुकड्यात एके ठिकाणी जाळी तंबूसारखी उचललेली दिसली. तिथे खड्डा नीट न भरताच जाळी अंथरली गेली होती. वरून काहीच कळत नव्हते, पण हाताने दाबताच ती खाली दबली आणि उचलून पाहिले तर बोटभर रुंदीची घळ तयार झाली होती. माती भरून, पेंढा घालून खुंट्या जवळजवळ ठोकल्यावर ती थांबली. तेव्हापासून प्रत्येक जोरदार सरीनंतर जाळी हाताने दाबून पाहण्याचे काम एका मजुराकडे दिले.

एका मर्यादेवर उपाय सापडला नाही. मुसळधार पावसात गाळखड्ड्यातून बाहेर पडणारे पाणी तांबडेच राहिले, कारण जांभ्यातील सर्वांत बारीक चिकणकण त्या आकाराच्या खड्ड्यात खाली बसायला वेळच मिळत नाही. पऱ्ह्याला जाणारे ते तोंड आम्ही गवताळ पडीक जागेवरून वळवले, त्यामुळे खाचरांत थेट जाणारे पाणी कमी झाले, पण रंग पूर्ण गेला नाही. कुंपणामागचा गाळ मात्र संपूर्ण हंगामात निम्म्या उंचीच्या खुणेपर्यंत पोहोचला नाही आणि तो पाऊस उघडल्यावर, जमीन वाळल्यानंतर एकदाच काढावा लागला. जमा झालेला गाळ हिशेबापेक्षा थोडा जास्त निघाला, आणि त्यातला बराचसा पायऱ्यांच्या टोकाकडचा, पन्हळीच्या तोंडाशी साचलेला होता.